शून्यावर न येणारा काटा: चौथा रविवार

आईचा बाथरूममधला वजनकाटा अखेर उघडला. पंचवटीतल्या घरी तो किती वर्षं आहे कुणालाच आठवत नाही: लोखंडी, वर रबरी चटई, 120 किलोपर्यंतची तबकडी. कुणी उभं नसतानाही काटा 8 किलोवर थांबायचा. गेल्या वेळी लिहिलं होतं की स्प्रिंग थकली असावी. तो अंदाज चुकला, आणि चूक कळली ती आईच्या वहीमुळे.

आई रोज सकाळी वजन लिहून ठेवते. मागच्या महिन्यातल्या पानावर 63.5, 63.5, 64, 63.5 आणि दुसऱ्या दिवशी एकदम 71. थकलेली स्प्रिंग हळूहळू लांबते, एका रात्रीत साडेसात किलो सरकत नाही. म्हणजे आत काहीतरी निसटलं होतं. विचारलं तर आई म्हणाली, "अरे, त्या दिवशी फरशी धुवायला उभा करून ठेवला होता, तो आडवा पडला बघ."

उघडण्याआधी समोरची ॲडजस्टमेंटची चकरी दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहिली. एका टोकाला काटा 3 वर, दुसऱ्या टोकाला 13 वर. चकरीमागचा स्क्रू मुख्य स्प्रिंगचं अडकवलेलं टोक वरखाली करतो, एवढंच त्याचं काम. स्प्रिंगचा कडकपणा त्याने बदलत नाही. खात्रीसाठी कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांकडून 20 किलोची तीन मापं तासाभरासाठी आणली. चकरी एका टोकाला असताना एक माप ठेवलं तर 23, दुसऱ्या टोकाला 33. वाढ दोन्हीकडे वीसच. चकरी शून्य हलवते, माप नाही, आणि तिचा आवाका मधून दोन्हीकडे पाचच किलो. आठ किलोची चूक तिच्या हातातली नव्हतीच.

मग चकरी पुन्हा मधे आणून तेच माप चारही कोपऱ्यांवर आळीपाळीने ठेवलं. चारही ठिकाणी 28. वरच्या पत्र्याचा भार चार टोकांवरून खालच्या तरफांवर येतो. एखादी तरफ खाचेतून सुटली असती तर त्या कोपऱ्यावर आकडा वेगळा आला असता. पाच वेळा चढून उतरलो, काटा प्रत्येक वेळी 8 वरच परतला, म्हणजे कुठे घासतही नव्हतं. दोष तरफांच्या पुढे, स्प्रिंग आणि काट्याच्या मधे.

पत्रा चार छोट्या स्प्रिंगांनी तळाला धरलेला असतो. पक्कडीने त्या सोडवल्या की तो अलगद उचलता येतो. आत मुख्य स्प्रिंगच्या पट्टीशी जोडलेली दात्यांची एक सपाट पट्टी दिसते. ती पुढेमागे सरकते, तिच्यावर छोटं दातचक्र फिरतं आणि चक्राच्या आसावर काटा. या पट्टीला चक्राशी दाबून धरणारा पत्र्याचा कान बाहेरच्या बाजूला वाकला होता. वजनकाटा आडवा पडला तेव्हा पट्टी क्षणभर सुटली आणि एक दात पुढे बसली, एवढंच झालं होतं.

चक्राचे दात मोजले: 16. पूर्ण फेरा 120 किलोचा, म्हणजे एका दातामागे साडेसात किलो. वहीतली उडीही नेमकी साडेसातचीच! तो आकडा जुळला तेव्हा मी खरंच आईला हाक मारून वही पुन्हा मागवली.

पट्टीला ताण देणारी बारीक स्प्रिंग आधी सोडवली, पट्टी किंचित उचलली, चक्र काटा मागे येईल त्या दिशेने एक दात फिरवलं आणि पट्टी पुन्हा बसवली. कान पक्कडीने आत घेतला, पण फार नाही. जास्त दाबला तर पट्टी घासते आणि काटा दर वेळी वेगळ्या जागी थांबायला लागतो. पत्रा बसवून पाहिलं: काटा अर्ध्या किलोवर. तो आधीपासूनचा किरकोळ फरक असणार. चकरी थोडी फिरवली आणि काटा शून्यावर आला.

मापं परत देण्याआधी शेवटची तपासणी केली. 20 ला जवळपास 20, 40 ला साडेचाळीसच्या आसपास, 60 ला 61. भाराबरोबर वाढणारी ही चूक मात्र चकरीने जाणार नाही. ती स्प्रिंगच्या कडकपणाची किंवा स्प्रिंग तरफेला नेमकी कुठे जोडली आहे त्याची आहे. त्या जोडाजवळ एक नट दिसतो, पण तो बसवणाऱ्याने कशासाठी ठेवलाय हे समजेपर्यंत हात लावणार नाही. तोवर आईच्या वहीत साठीच्या आसपासच्या वजनातून एक किलो वजा करतोय, आणि फरशी धुताना काटा उभा न ठेवता बाहेर सपाट ठेवायचं ठरलंय.