मान वळवून बघणारे काका

त्या सकाळी अपघात विभागातून फोन आला तेव्हा माझी निवासी डॉक्टर एका दमात म्हणाली, "मॅडम, बासष्ट वर्षांचे काका, मधुमेह, सकाळी उठले ते तोंड वाकडं. डावं कपाळ अजिबात हलत नाही. लोअर मोटर न्यूरॉन. सीटी नॉर्मल. बेल्स पाल्सी म्हणून स्टेरॉइड सुरू करून घरी पाठवू?"

मी "हो" म्हणाले. फोनवर, रुग्णाला न बघता. हे लिहायला बसले आहे ते त्या "हो"मुळे.

बेल्स पाल्सी म्हणजे मेंदूत काही नाही, चेहऱ्याची नस तेवढी अचानक बिघडलेली. तिचं हे निदान वरवरचं नव्हतं. कपाळ तपासताना नवखे डॉक्टर रुग्णाला "वर बघा" म्हणतात, मग तो मान मागे टाकतो, डोळे वर नेतो आणि कपाळ हललं की नाही ते कळतच नाही. हिने डोकं धरून "भुवया उंचवा" सांगितलं होतं. डोळा घट्ट मिटायला लावून तो बोटांनी उघडून बघितला होता. डाव्या पापणीत जोर नव्हता; मिटायला गेलं की बुबुळ वर सरकायचं आणि पांढरा भाग दिसत राहायचा. गालावरची घडी पुसली गेली होती, तोंडाचा डावा कोपरा खाली आला होता. डाव्या बाजूचा सगळा चेहरा गेला होता, आणि तिने तो नीट नोंदवला होता.

हा नियम तिला मीच शिकवला होता. चेहऱ्याच्या नसेचं उगमकेंद्र, म्हणजे न्यूक्लियस, मेंदूच्या देठात पॉन्स नावाच्या भागात असतं. त्यातल्या कपाळासाठीच्या पेशींना मोठ्या मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांकडून हुकूम येतात, तोंडासाठीच्या पेशींना मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. त्यामुळे एका अर्धगोलात झटका आला तर तोंड वाकडं होतं, पण कपाळावर आठ्या पडतात. हे अप्पर मोटर न्यूरॉन. न्यूक्लियस किंवा त्याच्यापुढची नस बिघडली तर कपाळासकट अर्धा चेहरा जातो. हे लोअर. वॉर्डात घाईघाईने मी याचं एक सूत्र करून टाकलं होतं: कपाळ हललं तर मेंदू, नाही हललं तर नस. सूत्र लक्षात राहायला सोपं, म्हणून मुलं तेवढंच घेऊन जातात. त्यात "न्यूक्लियस किंवा" हे दोन शब्द गळून पडले होते, आणि न्यूक्लियस मेंदूतच असतो.

दुसऱ्या एका रुग्णासाठी मी खाली गेले तेव्हा काका घरी जायच्या तयारीत खुर्चीवर बसले होते. पत्नी त्यांच्या डाव्या बाजूला उभ्या होत्या, गोळ्या कशा घ्यायच्या ते विचारत होत्या. काका त्यांच्याकडे बघायला अख्खी मान वळवत होते. एकदा नाही, दर वेळी. उजवीकडच्या परिचारिकेकडे मात्र नुसते डोळे फिरवून बघत होते.

मी त्यांच्यासमोर स्टूल ओढलं. डोकं धरलं, बोट डावीकडे नेलं. डावा डोळा मध्यापर्यंत आला आणि थांबला. उजवा डोळाही तिथेच थांबला, नाकाकडे आलाच नाही. उजवीकडे दोन्ही डोळे सरळ गेले. मग नजर माझ्या नाकावर ठेवायला सांगून मी त्यांचं डोकं झटकन उजवीकडे फिरवलं. अशा वेळी कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून परस्पर हुकूम जाऊन डोळे डावीकडे वळायला हवेत. ते वळले नाहीत, डोक्याबरोबर फिरले. म्हणजे बिघाड हुकूम देणाऱ्या मोठ्या मेंदूत नव्हता. हुकूम जिथे पोचतात त्या केंद्रातच होता.

निवासी डॉक्टर हळूच म्हणाली, "मॅडम, दोन-दोन दिसतं का ते मी विचारलं होतं. नाही म्हणाले." तिने विचारलं होतं, कागदावर नोंदही होती. उत्तरही खरं होतं. डोळा बाहेर वळवणारी सहावी नस एकटी गेली तर एक डोळा मागे राहतो आणि दोन प्रतिमा दिसतात. पण सहाव्या नसेचं न्यूक्लियस गेलं तर प्रकरण वेगळं. त्यात आपल्या बाजूचा डोळा बाहेर वळवणाऱ्या पेशी तर असतातच, शिवाय पलीकडच्या डोळ्याला आत वळवण्याचा निरोप पाठवणाऱ्या पेशीही असतात. दोन्ही डोळे एकदमच थांबतात, एकमेकांशी जुळलेले राहतात, आणि माणसाला दोन दिसत नाही. तो फक्त मान वळवायला लागतो, आणि ही तक्रार म्हणून सांगावी असं त्याला वाटत नाही.

आता जागा एकच उरत होती. चेहऱ्याच्या नसेचे तंतू न्यूक्लियसमधून निघाल्यावर सरळ बाहेर पडत नाहीत. आधी मागे जातात, सहाव्या नसेच्या न्यूक्लियसला वळसा घालतात, मग पुढे येऊन पॉन्समधून बाहेर पडतात. त्या वळशामुळे पॉन्सच्या मागच्या पृष्ठभागावर छोटा उंचवटा तयार होतो. त्याला फेशियल कॉलिक्युलस म्हणतात. तिथे काही मिलिमीटरचा घाव झाला तरी डावा चेहरा आणि डावीकडची नजर एकदम जाते. हातापायांना जाणारे तंतू पॉन्सच्या पुढच्या भागातून जातात, म्हणून ते वाचतात. काका स्वतःच्या पायांनी चालत आत आले होते, आणि त्या चालण्यानेच आम्हा सगळ्यांना निश्चिंत केलं होतं.

सीटी नॉर्मल असण्याला इथे फार अर्थ नव्हता. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे त्या भागात सीटीवर रेषारेषांची गर्दी होते आणि छोटा घाव हरवतो. आमच्याकडे मात्र "सीटी नॉर्मल" हे शब्द आले की रुग्णाभोवतीची माणसं पांगतात. याचा मला मनापासून राग येतो, आणि त्या दिवशी पांगणाऱ्यांत मी पहिली होते. एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात डाव्या पॉन्सच्या मागच्या कडेला पांढरा ठिपका दिसला. ताजा इस्केमिक स्ट्रोक, म्हणजे रक्तपुरवठा अडून आलेला मेंदूचा झटका.

रात्री 11 वाजता झोपताना काका ठीक होते, त्यामुळे गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची साडेचार तासांची मुदत कधीच उलटली होती. भरती केलं, गिळण्याची चाचणी घेतली, अ‍ॅस्पिरिन सुरू केलं, रक्तदाब आणि साखर सांभाळली. डाव्या डोळ्यात दिवसा थेंब, रात्री मलम आणि पट्टी. एवढा एकच उपचार आधीच्या निदानातही बरोबर होता. उरलेल्या योजनेत मधुमेह्याला स्टेरॉइड होतं, आणि ज्याच्यात मेंदूच्या देठाचा झटका पुढे सरकण्याचा धोका होता तो माणूस घरी जाणार होता.

काका तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "डॉक्टर, त्या मुलीला रागावू नका. तिने फार नीट तपासलं मला." मी रागावले नव्हतेच. तिच्या हातात मी अर्धा नियम दिला होता. संध्याकाळी तिला बसवून पॉन्सचा आडवा छेद काढून दाखवला, वळसा तिच्याच हाताने काढायला लावला. त्यानंतर चेहरा वाकडा झालेला प्रत्येक रुग्ण ती माझ्याकडे सांगते तेव्हा कपाळानंतरचं वाक्य नजरेचं असतं: डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण.

सहा आठवड्यांनी काका आले. डोळे डावीकडे जवळजवळ शेवटपर्यंत जात होते, कपाळावर एक पुसट आठी पडत होती.

ते गेल्यावर मी जुन्या नोंदवह्या काढल्या. बेल्स पाल्सी म्हणून घरी पाठवलेले माझेच रुग्ण. कपाळाची नोंद प्रत्येकाची आहे. नजरेची नोंद बऱ्याच जणांची नाही. त्यातल्या बहुतेकांना बेल्सच असणार, कारण तोच आजार जास्त आढळतो. पण त्यांच्यापैकी कोण बाजूला बघताना मान वळवत होतं, हे मला आता कुठल्याच कागदावरून कळणार नाही.