संदर्भचित्रातला चेहरा

मुलांच्या पुस्तकासाठी एकच मुलगी १२ प्रसंगांत दाखवायची होती. तिचे मूळ चित्र मी हाताने रंगवले होते: आखूड कुरळे केस, विटलेला पिवळा रेनकोट, एका खिशावर ठिगळ. चित्रे तयार करणाऱ्या AI मॉडेलला शब्दांसोबत नमुन्याचे चित्रही दाखवता यावे यासाठी IP-Adapter नावाची जोडणी असते; ते चित्र संदर्भ म्हणून तिला द्यायचे आणि प्रसंग शब्दांत सांगायचा, असे ठरले होते. पहिल्या दिवशी निघालेल्या प्रत्येक चित्रात रेनकोट ओळखीचा होता, पण चेहरा दर वेळी वेगळाच.

चेहरा चुकतो म्हटल्यावर संपादकांनी वर्णन वाढवायला सांगितले. ही सवय मला नेहमीच खटकते, तरीही मी केस, नाक, भुवया, रेनकोटचा रंग असे सगळे लिहिले. चेहरा जुळला नाहीच, उलट रेनकोटही बिघडला. ‘पिवळा’ या शब्दासरशी मॉडेलने स्वतःच्या ओळखीचा चकचकीत पिवळा आणला आणि माझा विटका रंग त्याखाली दबला.

खरे कारण संध्याकाळी सापडले. आमच्या मांडणीत संदर्भचित्र वाचणारा भाग चित्राची लहान बाजू २२४ पिक्सेलवर आणतो आणि मधला चौकोन तेवढा ठेवतो. माझे चित्र ७६८ × ११५२ होते, म्हणजे ते २२४ × ३३६ झाले आणि वरचे ५६ व खालचे ५६ पिक्सेल कापले गेले. उभ्या मुलीचे डोके नेमके त्या वरच्या पट्टीत होते. मॉडेलला चेहरा दिसलाच नव्हता. जे त्याने पाहिले नव्हते ते मी शब्दांनी भरून काढू पाहत होते.

कडेला पांढरी जागा जोडून चित्र चौकोनी केले, तर संपूर्ण आकृती आली, पण २२४ पिक्सेलांत चेहरा इतका लहान झाला की भुवयाही उरल्या नाहीत. म्हणून डोक्यापासून कमरेपर्यंतचा चौकोनच कापून दिला आणि चौकोनाबाहेर राहिलेले बूट शब्दांवर सोपवले. चेहरा, केस, रेनकोट यांचा उल्लेख मी पूर्ण काढून टाकला. मजकूर एवढाच उरला:

```
girl standing sideways at a window,
red rubber boots, rain, dim evening light
```

तरीही संदर्भचित्राचा प्रभाव किती असावा हे ठरवणारा `scale` १.० वर असेपर्यंत ती समोरच पाहत राहिली, कारण संदर्भातली उभे राहण्याची ढबही सोबत येत होती आणि ‘बाजूने’ या शब्दाला वावच नव्हता. ०.६ वर ती वळली आणि चेहरा तोच राहिला. ०.४ वर खिडकी सुरेख आली, पण मुलगी पुन्हा परकी झाली.

खिशावरचे ठिगळ मात्र अजून मनातून जात नाही. संदर्भात ती समोरून दिसते, त्यामुळे वळल्यावर ठिगळ कधी या खिशावर, कधी त्या खिशावर येते, आणि ‘डावा खिसा’ असे लिहूनही ते भरवशाने जागेवर बसत नाही. बाजूने काढलेले दुसरे संदर्भचित्र द्यावे का, याचा विचार करते आहे. तूर्त बाराही चित्रांत ते ठिगळ मी हाताने रंगवले आहे.