लॅपटॉप चार्जिंगला लावला की स्पीकरमधून येणारी घूंऽऽ

रियाजाचा तानपुरा मी लॅपटॉपवर लावतो आणि टेबलावरच्या दोन पॉवर्ड स्पीकरमधून ऐकतो. चार्जर जोडलेला असला की त्यामागे एक सलग घूंऽऽ ऐकू यायची. भरगच्च वाद्यमेळाच्या गाण्यात ती लपून जायची, तानपुऱ्यात मात्र नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे या घुमण्यात ५० च्या जोडीला १०० आणि १५० हर्ट्झही असतात. माझा स्वर काळी एक, त्याचा मंद्र पंचम साधारण १०४ हर्ट्झचा. १०० आणि १०४ शेजारी शेजारी वाजले की सेकंदाला चारेक आंदोलनं होतात, आणि नीट लावलेला पंचमही हलतोय असं वाटतं. अशा पंचमावर गळा लावायचा तरी कसा?

दोष कुठे आहे ते शोधायला काही विकत घ्यावं लागलं नाही. चार्जर काढला की आवाज तत्काळ बंद. चार्जर तसाच ठेवून लॅपटॉपला इअरफोन लावले तर तानपुरा स्वच्छ, म्हणजे लॅपटॉपचं साउंड कार्ड ठीक. चार्जर चालू ठेवून ऑडिओ केबल लॅपटॉपमधून काढली आणि तानपुरा ब्लूटूथवर ऐकला, तरी स्वच्छ. शिवाय लॅपटॉपचा आवाज कमीजास्त केला तरी घूं तेवढीच राहायची, स्पीकरचं बटण फिरवलं की मात्र वाढायची. याचा अर्थ घूं गाण्याच्या सिग्नलमधून येत नव्हती, केबलमध्ये शिरत होती.

कारण असं. माझा चार्जर तीन पिनांचा आणि स्पीकरही तीन पिनांचे. दोघांचं अर्थिंग भिंतीतल्या वायरिंगमधून एकमेकांना जोडलेलं असतं, आणि ऑडिओ केबलच्या बाहेरच्या जाळीने ते पुन्हा एकदा जोडलं जातं. असा बंद फेरा तयार होतो, त्यालाच ग्राउंड लूप म्हणतात. दोन सॉकेटांच्या अर्थिंगमध्ये काही मिलिव्होल्टांचा जरी फरक असला, तरी त्या जाळीतून प्रवाह वाहतो आणि अ‍ॅम्प्लिफायर तो सिग्नलसारखाच मोठा करतो.

दुकानदाराने सुचवलं, ‘अर्थिंगची पिन काढून टाका, लगेच थांबेल.’ थांबतं, हे खरं आहे. पण स्पीकरच्या आत फेज धातूच्या भागाला टेकली तर ती पिनच आपल्याला वाचवते. आवाजासाठी ती काढायची नाही, हे मला इथे अगदी ठासून सांगायचं आहे.

मी आधी लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतले. अर्थिंगचा फेरा लहान झाला आणि घूं बरीच उतरली. लॅपटॉपचा आवाज जवळपास पूर्ण ठेवून स्पीकरचं बटण खाली आणल्यावर आणखी उतरली. तरी पहाटेच्या शांततेत ती ऐकू यायचीच. यूएसबीचं वेगळं साउंड कार्डही लावून पाहिलं, फरक पडला नाही. यूएसबीच्या तारेतही ग्राउंड सलग जातंच, तेव्हा फेरा तसाच राहतो.

शेवटी ग्राउंड लूप आयसोलेटर लावला. काडेपेटीएवढी डबी असते, दोन्ही बाजूंना ३.५ मिलीमीटरचा जॅक आणि आत डाव्या-उजव्या चॅनेलसाठी एकेक छोटा ट्रान्सफॉर्मर. आवाज चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, तारेने तार जोडलेली नसते, त्यामुळे फेरा तुटतो. याला वीज लागत नाही. डबी खरी आहे का ते मल्टिमीटरने कळतं: एका बाजूच्या जॅकचं ग्राउंड दुसऱ्या बाजूच्या ग्राउंडला लावल्यावर बीप येता कामा नये. जोडल्याबरोबर घूं पूर्ण गेली.

पण स्वस्त डबीत खर्जाची तार बोथट झाली. माझा खर्ज साधारण ६९ हर्ट्झचा. इतक्या खालच्या स्वराला आणि मोठ्या आवाजाला छोट्या ट्रान्सफॉर्मरचा गाभा पुरत नाही, मग आवाज फाटतो किंवा खालची भर जाते. म्हणून इथे आधीच्या उलट करावं लागतं: लॅपटॉपचा आवाज निम्म्यावर आणि स्पीकरचं बटण थोडं वर. फेराच तुटलेला असल्याने स्पीकर वाढवला तरी घूं परत येत नाही. त्यानंतर मोठ्या गाभ्याची, जरा महाग डबी आणली तेव्हा खर्ज पुन्हा भरून आला. ती स्पीकरच्या बाजूला, चार्जरच्या विटेपासून वीतभर लांब ठेवली आहे, कारण जवळच्या चुंबकीय क्षेत्रातलं घुमणं तिचे ट्रान्सफॉर्मर पकडू शकतात.

ऑडिओ केबल पूर्ण काढूनही स्पीकर घुमत असेल, तर दोष स्पीकरच्या आतल्या वीजपुरवठ्यात आहे. तिथे ही डबी काही करू शकत नाही, स्पीकर दुरुस्तीलाच न्यावा लागतो.