जुन्या नावाने येणारी नोटीस: एकल मालकीतून कंपनीकडे जाताना

एकल मालकीचा व्यवसाय मी १ एप्रिल २०२४ पासून माझ्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीकडे वर्ग केला. फेब्रुवारीत कंपनीची नोंदणी झाली होती आणि मार्चअखेर हस्तांतरणाचा करार झाला. नवे बँक खाते, नवे पॅन आणि नवा जीएसटी क्रमांक हाती आल्यावर जुना अध्याय मिटला, असे मी मानले. पुढच्या दीड वर्षात मात्र जुन्या फर्मच्या नावाने तीन नोटिसा आल्या. त्यांपैकी पहिल्या नोटिशीला मी चुकीच्या ओळखीने उत्तर दिले आणि ती चूक निस्तरण्यात मुदतीचे मोलाचे दिवस गेले. ज्यांचे रूपांतर सध्या चालू आहे, त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. मालकीच्या फर्मला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसते. फर्मचे नाव हे केवळ व्यापारी नाव असते. पॅन मालकाचे असते, देणे मालकाचे असते आणि नोटीसही मालकालाच असते. जीएसटीचा पंधरा अक्षरांचा क्रमांक समोर ठेवून पाहिले की हे डोळ्यांना दिसते. पहिले दोन आकडे राज्याचे आणि त्यापुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. त्या पॅनमधले चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी असते आणि कंपनीसाठी सी. माझ्या जुन्या क्रमांकात तिथे पी होता आणि नव्यात सी. म्हणजे नाव तेच, पत्ता तोच, माणसेही तीच असली, तरी खात्यासमोर आता दोन वेगळे करदाते उभे होते. जुना क्रमांक कंपनीच्या नावे करून मिळत नाही, कंपनीला नवा घ्यावा लागतो, याचे कारणही हेच.

रूपांतराच्या वेळी कामांचा क्रम आम्ही नीट सांभाळला होता. जुन्या क्रमांकावर शिल्लक असलेले इनपुट टॅक्स क्रेडिट आयटीसी-०२ या फॉर्मने कंपनीकडे वळवता येते. मात्र त्यासाठी हस्तांतरणाच्या करारात देणी वर्ग करण्याची स्पष्ट तरतूद असावी लागते आणि तसे सनदी लेखापालाचे प्रमाणपत्र जोडावे लागते. जुन्या क्रमांकाची आधीची विवरणपत्रे भरलेली असणे हीसुद्धा अट आहे. हा फॉर्म आम्ही नोंदणी रद्द करण्याच्या अर्जाआधी भरला आणि कंपनीच्या लॉगिनमधून तो स्वीकारला. मग रद्दीचा अर्ज केला आणि रद्दीचा आदेश आल्यावर तीन महिन्यांच्या मुदतीत जीएसटीआर-१० हे अंतिम विवरणपत्र भरले. एवढे सगळे झाल्यावर जुन्या क्रमांकाशी आपला संबंध संपला, असा माझा समज झाला. तो चुकीचा होता, कारण नोंदणी रद्द झाल्याने आधीच्या काळातली जबाबदारी संपत नाही, असे कायद्यातच स्पष्ट म्हटले आहे.

पहिली नोटीस १४ जुलै २०२५ ची होती. २०२१-२२ या वर्षाच्या विवरणपत्रांच्या छाननीची, एएसएमटी-१० या फॉर्ममधली, आणि जुन्या रद्द झालेल्या क्रमांकावर काढलेली. जीएसटीआर-१ मध्ये दाखवलेला कर ९,८६,४०० रुपये आणि जीएसटीआर-३बी मध्ये भरलेला कर ९,५०,४०० रुपये. या ३६,००० रुपयांच्या तफावतीचे स्पष्टीकरण तीस दिवसांत मागितले होते. ती मला दिसली २ ऑगस्टला, म्हणजे एकोणीस दिवस उलटून गेल्यावर. जुन्या क्रमांकावर नोंदलेला ई-मेल आमच्या आधीच्या करसल्लागाराचा होता आणि त्यांचे काम आम्ही रूपांतराच्या वेळीच थांबवले होते. पोर्टलवर आणि नोंदलेल्या ई-मेलवर पोहोचलेली नोटीस ही कायद्याने बजावलेलीच ठरते. ती आपल्या वाचनात आली की नाही, हा प्रश्न तिथे उरत नाही. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की, रद्दीचा अर्ज करण्याआधी नोंदणीतला ई-मेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचा करून घ्यावा.

त्यानंतरची चूक सर्वस्वी माझी होती. ४ ऑगस्टला मी कंपनीच्या लेटरहेडवर, संचालक म्हणून सही करून, ‘सदर फर्म बंद झाली असून व्यवसाय आता कंपनी चालवते’ असे पत्र कार्यालयात दिले. चार दिवसांनी अधिकाऱ्यांनी समजावून सांगितले की, ही नोटीस कंपनीला नाहीच. ज्या वर्षाबद्दल विचारणा आहे, त्या वर्षी कंपनी अस्तित्वातही नव्हती. उत्तर जुन्या क्रमांकाच्या लॉगिनमधूनच आणि मालक म्हणूनच द्यावे लागेल. माझ्या पत्रातले वाक्य खरे होते, पण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. फर्म बंद झाली, हा तफावतीचा खुलासा होऊ शकत नाही.

नोंदणी रद्द झाली तरी जुने लॉगिन चालू राहते, हे मला तेव्हा कळले. आम्ही त्या वर्षाची विक्रीची बिले एकेक करून पडताळली, तेव्हा ३६,००० चे दोन भाग झाले. त्यांपैकी १८,००० रुपये एका ग्राहकाला मार्च २०२२ मध्ये दिलेल्या क्रेडिट नोटचे होते. मार्चच्या ३बी मध्ये आम्ही ती वजा केली होती, पण जीएसटीआर-१ मध्ये ती एप्रिलमध्ये नोंदवली गेली. त्यामुळे एका वर्षात कर कमी भरल्यासारखा दिसत होता आणि पुढच्या वर्षात तेवढाच जास्त भरल्यासारखा. उरलेले १८,००० मात्र खरेच भरायचे राहिले होते. ऑक्टोबर २०२१ मधले एक बिल जीएसटीआर-१ मध्ये होते आणि ३बी च्या बेरजेतून सुटले होते.

ही रक्कम भरताना रूपांतराचा आणखी एक परिणाम समोर आला. एरवी असा कर क्रेडिटमधून भरता आला असता, परंतु जुन्या क्रमांकावरचे सगळे क्रेडिट आयटीसी-०२ ने कंपनीकडे गेले होते. त्यामुळे कर रोखीनेच भरावा लागला. त्यावर २० नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक १८ टक्के दराने बारा हजारांहून थोडे अधिक व्याज झाले. दोन्ही रकमा १२ ऑगस्टला जुन्या क्रमांकावर डीआरसी-०३ ने भरल्या आणि त्याच दिवशी एएसएमटी-११ मध्ये उत्तर दाखल केले. सोबत क्रेडिट नोटची प्रत, मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांचा ताळमेळ आणि भरण्याची पावती जोडली. मुदतीला एकच दिवस उरला होता. कारणे दाखवा नोटीस निघण्याआधीच कर आणि व्याज भरल्यामुळे दंड लागला नाही. पुढे खुलासा मान्य केल्याचा एएसएमटी-१२ हा आदेशही आला.

हा भार शेवटी कोणी सोसायचा, हा प्रश्न करारामुळे सुटला. संपूर्ण व्यवसाय हस्तांतरित झाल्यावर आधीच्या काळातल्या कराला देणारा आणि घेणारा असे दोघेही संयुक्तपणे जबाबदार असतात, मग ते देणे हस्तांतरणानंतर ठरले असले तरीही. आमच्या करारात ‘हस्तांतरणापूर्वीच्या काळातील, पुढे निश्चित होणारी देणी’ कंपनीने स्वीकारल्याचे कलम होते. त्या आधाराने संचालक मंडळाचा ठराव करून कंपनीने ही रक्कम मला परत केली. ते कलम नसते, तर कंपनीच्या लेखापरीक्षकांनी हा खर्च माझा वैयक्तिक मानला असता, असे त्यांनी मला स्पष्ट सांगितले.

दुसरी नोटीसही जीएसटीचीच आणि जुन्याच वर्षाची होती, ती याच वाटेने निकाली निघाली. तिसरी मात्र उलट्या जातीची होती. ती आयकराची होती, माझ्या वैयक्तिक पॅनवर होती आणि २०२४-२५ या वर्षाबद्दल होती, म्हणजे व्यवसाय कंपनीकडे गेल्यानंतरच्या काळाबद्दल. ज्याच्यासाठी आम्ही कंत्राटी काम करतो, अशा एका ग्राहकाने आपल्या हिशेबात आमचे पॅन बदललेच नव्हते. कंपनीच्या सहा लाखांच्या बिलांवरचा टीडीएस त्याने माझ्या पॅनवर भरला. माझ्या २६एएस मध्ये ते सहा लाख दिसत होते आणि माझ्या विवरणपत्रात नव्हते. खरे तर ही चूक मला आधीच कळायला हवी होती. कंत्राटी कामावर व्यक्तीचा टीडीएस एक टक्का कापला जातो आणि कंपनीचा दोन टक्के. बँकेत जमा होणाऱ्या रकमेतून बारा हजारांऐवजी सहाच हजार वजा होत होते. कमी कापले गेले म्हणून आमच्याकडे कोणी विचारपूस केली नाही.

इथे मी व्यक्ती म्हणूनच उत्तर दिले, पण उत्तराचा आशय वेगळा होता: हे उत्पन्न माझे नसून कंपनीचे आहे. पुरावा म्हणून हस्तांतरणाचा करार, कंपनीच्या नावाची बिले, कंपनीच्या खात्यात पैसे जमा झाल्याचा बँकेचा उतारा आणि कंपनीच्या विवरणपत्रात तीच विक्री दाखवल्याचा तक्ता जोडला. वार्षिक माहितीपत्रकात त्या नोंदीपुढे `Information relates to other PAN/Year` हा अभिप्रायही नोंदवला. एवढ्याने काम पुरे होत नाही, कारण जमा झालेला टीडीएस कंपनीला मिळायचा तर ग्राहकाने दुरुस्ती विवरणपत्र भरून पॅन बदलणे आवश्यक असते. ते करून घ्यायला आम्हाला दोन महिने पाठपुरावा करावा लागला.

तेव्हापासून जुन्या नावाचा कोणताही कागद आला की, मी आधी त्यावरचे पॅन पाहतो आणि मग काळ. काळ ३१ मार्च २०२४ पर्यंतचा असेल, तर मालक या नात्याने जुन्याच लॉगिनमधून मुद्द्याला धरून उत्तर देतो. काळ त्यानंतरचा असेल, तर व्यवहार कंपनीचा असल्याचे पुराव्यानिशी दाखवतो आणि चूक जिथे झाली तिथे ती दुरुस्त करून घेतो. दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला जुने लॉगिन उघडतो. तिथे नेहमीच्या नोटिशींच्या यादीबरोबरच `View Additional Notices/Orders` हे पानही पाहतो, कारण छाननीची ती पहिली नोटीस मला तिथेच सापडली होती. हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून बहात्तर महिने जपावी लागतात. जुन्या फर्मचे शेवटचे वर्ष २०२३-२४ असल्याने, तिची बिले, क्रेडिट नोटा आणि बँकेचे उतारे ३१ डिसेंबर २०३० पर्यंत कंपनीच्या कागदपत्रांपासून वेगळ्या कपाटात ठेवले आहेत.