ट्रेनीचा रेझ्युमे: ‘फाइलिंग केलं’ या दोन शब्दांत काय काय राहून जातं

सीएसचं एकवीस महिन्यांचं ट्रेनिंग मी नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एका प्रॅक्टिसिंग कंपनी सेक्रेटरींकडे सुरू केलं. अकरा महिने झाल्यावर वाटू लागलं, की उरलेलं ट्रेनिंग एखाद्या कंपनीच्या सेक्रेटेरियल विभागात करावं. सर लगेच हो म्हणाले. रेझ्युमे मी एका संध्याकाळीच लिहून टाकला. त्यात कामाच्या चार ओळी होत्या: आरओसी फाइलिंग केलं, बोर्ड मीटिंग्ज सांभाळल्या, स्टॅच्युटरी रजिस्टर्स मेंटेन केली, कम्प्लायन्स कॅलेंडर बनवलं. आरओसी म्हणजे कंपन्यांचे फॉर्म जिथे दाखल होतात ते निबंधकाचं कार्यालय.

सातपूरच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तिथल्या कंपनी सेक्रेटरी मॅडमनी पहिल्या ओळीवर पेन ठेवून विचारलं, “फाइलिंग केलं म्हणजे नक्की काय केलंस? फॉर्मवर सही कोणाची होती?” मी म्हटलं, डायरेक्टरची, आणि जिथे सर्टिफिकेशन लागतं तिथे सरांची. “मग तू काय केलंस?” मला उत्तर माहीत होतं, पण त्या क्षणी नीट मांडता आलं नाही. दुसऱ्या तीन ओळींनाही त्यांनी हाच प्रश्न विचारला. तिथे माझी निवड झाली नाही.

घरी येऊन रोजची कामाची वही काढली. सरांच्या सांगण्यावरून मी रोज काय केलं ते तारखेसह लिहून ठेवत असे. रेझ्युमे त्या वहीतून लिहायला हवा होता, हे तेव्हा लक्षात आलं. दुसरा रेझ्युमे करायला मला आठवडा लागला. त्यातला निम्मा वेळ कॅलेंडरच्या एका ओळीवर गेला, कारण त्या ओळीमागे एक चूक होती.

आमच्या ऑफिसात चौदा प्रायव्हेट कंपन्यांसाठी एक एक्सेल शीट होती. तिच्यात सगळ्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा, म्हणजे एजीएम, ३० सप्टेंबरला होणार असं धरून मुदती हाताने भरलेल्या होत्या: ताळेबंदाचा एओसी-४ ऑक्टोबरअखेर, वार्षिक विवरणाचा एमजीटी-७ नोव्हेंबरअखेर. बहुतेक कंपन्यांची एजीएम शेवटच्याच दिवसांत होते, म्हणून ते वर्षानुवर्षं चालून गेलं असणार. पण २०२४ मध्ये अंबडच्या एका कंपनीने एजीएम १२ सप्टेंबरलाच घेतली. एओसी-४ ची मुदत एजीएमपासून तीस दिवसांची, म्हणजे १२ ऑक्टोबर. त्या दिवशी दसरा होता, शनिवार होता, आणि शीटवर त्या कंपनीपुढे ३० ऑक्टोबर दिसत होतं. मिनिट्सच्या मसुद्यातली एजीएमची तारीख वाचताना मला हे खटकलं, तोवर १६ तारीख उजाडली होती. फॉर्म १८ ऑक्टोबरला गेला. सहा दिवसांचा उशीर, दिवसाला शंभर रुपये, म्हणजे सहाशे रुपये जादा फी. रक्कम लहान आहे, पण या फॉर्मची फी दिवसागणिक वाढतच राहते. मी ते महिनाअखेरीपर्यंत पाहिलंच नसतं, तर आकडा वेगळा असता.

त्याच संध्याकाळी सरांना विचारून मी शीट बदलली. एजीएमची तारीख C रकान्यात, आणि पुढच्या मुदती त्यावरून निघणाऱ्या:

```
=C2+30
=C2+60
```

पहिलं सूत्र एओसी-४ चं, दुसरं एमजीटी-७ चं. १२ सप्टेंबर टाकली की १२ ऑक्टोबर आणि ११ नोव्हेंबर येते. एजीएमची तारीख भरलेलीच नसेल, तर तो रकाना लाल दिसेल अशीही सोय केली, कारण रिकाम्या रकान्यावरून एक्सेल काहीतरी निरर्थक तारीख काढून ठेवतं. त्या कंपनीचा एमजीटी-७ मग ११ नोव्हेंबरच्या आत गेला.

नव्या रेझ्युमेत ओळ अशी झाली: “चौदा प्रायव्हेट कंपन्यांचं कम्प्लायन्स कॅलेंडर एजीएमच्या प्रत्यक्ष तारखेवरून मोजलं जाईल असं पुन्हा बांधलं, आधीच्या ठरावीक तारखांमुळे एक एओसी-४ सहा दिवस उशिरा गेला होता.” उशिराचा उल्लेख ठेवावा का, यावर मी बराच विचार केला. शेवटी ठेवला. शीट का बदलली याचं कारण त्यातच आहे, आणि ते काढलं तर ओळ पुन्हा ‘कॅलेंडर बनवलं’ इतकीच उरते.

फाइलिंगच्या ओळीतून ‘केलं’ काढलं. ताळेबंद आणि ऑडिट रिपोर्टवरून फॉर्म भरणं, जोडपत्रं लावणं, प्रीस्क्रुटिनी करून चुका काढणं, सरांना तपासायला देणं, सह्या झाल्यावर अपलोड करून चलान आणि फॉर्मला मिळणारा एसआरएन क्रमांक नोंदवणं, हे माझं काम होतं. तेवढंच लिहिलं. सर्टिफाय करणं ट्रेनीच्या हातात नसतं, आणि तसा भास होईल असं वाक्य वाचणाऱ्याला लगेच कळतं.

बोर्ड मीटिंगचंही तसंच. प्रत्यक्ष मी तीनच बैठकांना बसले होते. नोटीस बैठकीच्या किमान सात दिवस आधी पाठवणं, अजेंडा आणि नोट्स तयार करणं, बैठक संपल्यावर पंधरा दिवसांत मिनिट्सचा मसुदा संचालकांकडे जाईल हे पाहणं आणि तीस दिवसांत ती मिनिट बुकात उतरवणं, ही कामं मात्र अकरा कंपन्यांची केली होती. दोन्ही आकडे वेगवेगळे दिले.

रजिस्टर्सची ओळ मला सर्वांत जवळची आहे. एका कंपनीच्या सभासदांच्या रजिस्टरात, म्हणजे एमजीटी-१ मध्ये, सगळ्यांच्या शेअर्सची बेरीज एक लाख येत होती. शेअर दहा रुपयांचा, म्हणजे भांडवल दहा लाख. ताळेबंदात मात्र पंधरा लाख. शोधल्यावर कळलं, की पन्नास हजार शेअर्सचं वाटप झालेलं होतं, त्याचा पीएएस-३ फॉर्मही वेळेत गेला होता, फक्त रजिस्टरात कोणी नोंद केली नव्हती. ती बोर्डाच्या मंजुरीनंतर सात दिवसांत व्हायला हवी. कंपनीचे अकाउंटंट काका म्हणाले, “मागची तारीख टाकून घ्या ना.” सरांनी तसं करू दिलं नाही. वाटपाची तारीख खरी ती, आणि नोंद आज होतेय हे स्पष्ट लिहून त्यांनी खाली सही घेतली. तेव्हापासून कोणत्याही कंपनीचं रजिस्टर हाती आलं, की मी आधी ही बेरीज ताळेबंदाशी लावून पाहते. रेझ्युमेतही तेच लिहिलं, कंपनीचं नाव न देता. क्लायंटचं एकही नाव रेझ्युमेत नाही. ‘अंबडमधली एक इंजिनिअरिंग कंपनी’ इतकं पुरतं, आणि नावं उघड करणाऱ्या ट्रेनीवर दुसरी कंपनी आपली मिनिट्स सोपवणार नाही.

दुसरी मुलाखत सिन्नरला झाली. तिथल्या सरांनी रजिस्टरच्या ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, “बेरीज जुळली असती, तरी चूक राहू शकते का?” मी म्हटलं, हो, शेअर ट्रान्सफरची नोंद राहून गेली तर एकूण आकडा बदलत नाही, फक्त नाव चुकतं; म्हणून मी ट्रान्सफरच्या एसएच-४ फॉर्मची फाइलही सोबत तपासते. त्यांनी कपाटातून त्यांचं एमजीटी-१ काढून माझ्यासमोर ठेवलं आणि कॅल्क्युलेटर पुढे सरकवला.