नाकाचं चाक वर येत होतं

मी विमानतळावर रॅम्पवर, म्हणजे विमानं उभी राहतात त्या जागी, सुपरवायझर आहे. त्या रात्री दोनशेच्या आसपास सीटचं, लांबलचक विमान टर्मिनलपासून दूरच्या रिमोट बेवर आलं. चाकं सरकू नयेत म्हणून त्यांना चोक लागले, लाल बीकन बंद झाला आणि पुढच्या दाराला शिडी लावली. मागची शिडी मात्र बिघडली होती, दुसरी यायला वेळ होता. मग सगळ्यांना पुढूनच उतरवायचं ठरलं.

एकाच दारातून उतरताना पुढच्या रांगा आधी बाहेर पडतात, हे उघडच आहे. पहिली बस साधारण सत्तर जणांत भरली आणि निघाली. दुसरी यायची होती. बस नसताना प्रवाशांना खाली विमानाजवळ एप्रनवर उभं करता येत नाही, म्हणून क्रूला मी थांबायला सांगितलं. आता पुढचा तिसरा भाग रिकामा आणि मागे सव्वाशे माणसं बसलेली. तेवढ्यात माझी नजर खाली गेली. लोडरने पुढचं होल्ड, म्हणजे पोटातला सामानाचा कप्पा, उघडून बॅगा काढायला सुरुवातही केली होती. मागचं होल्ड अजून बंदच.

मुख्य चाकं पंखांखाली असतात आणि तीच तराजूचा मधला टेकू. पुढचं वजन माणसांचंही गेलं, सामानाचंही गेलं, की मागचं वजन शेपटीला खाली ओढतं. नाकाच्या चाकाचा स्ट्रट, म्हणजे वजनाने दबणारा त्याचा दांडा, पाहिला तर त्याचा चकचकीत भाग विमान आलं तेव्हापेक्षा बराच लांब दिसत होता. शिडीचा प्लॅटफॉर्म आणि दाराचा उंबरठा यांत वीतभर फरक पडला होता. उतारू कमी झाले की विमान थोडं वर येतंच, पण एवढं नाही.

"दादा, पुढचं थांबवा! आधी मागचं होल्ड खाली करा," मी ओरडलो. त्यांनी एक शब्दही न विचारता बॅगा उतरवायचा पट्टा, बेल्ट लोडर, मागे नेला. दरम्यान मी क्रूला इंटरफोनवर सांगितलं की मागच्या रांगांतल्या लोकांना पुढच्या रिकाम्या सीटवर आणून बसवा, पण हळूहळू, एकेक रांग. माणसं पुढे सरकली तसा स्ट्रट दिसेल इतका खाली बसला. शेपटी टेकली असती तर दाराशी उभा असलेला माणूस शिडीवरून पडला असता, म्हणून आधी दार मोकळं ठेवायला सांगितलं होतं.

मागचं होल्ड रिकामं होईपर्यंत दुसरी बस आली, मग तिसरी. व्हीलचेअरवरचे दोन प्रवासी शेवटी अँब्युलिफ्टने, म्हणजे दारापर्यंत वर उचलल्या जाणाऱ्या गाडीने, उतरले.

पुढे आणून बसवलेल्यांपैकी एक काका खाली उतरल्यावर थोडे चिडून म्हणाले, "पुढे बसवलंत, मग लगेच उतरवलं का नाही?" मी त्यांना नाकाचं चाक दाखवलं आणि स्ट्रटवरची ती चकचकीत पट्टी बोटाने मोजून दाखवली. आल्यावर किती होती आणि मघाशी किती झाली होती, ते. काका बसमध्ये चढले आणि दार बंद होईपर्यंत त्या चाकाकडेच पाहत होते.