एक ब्रश, दोन डोकी

साताऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात पावसाळा सुरू झाला की कोंड्याचे रुग्ण वाढतात. केस वाळत नाहीत, ओलेच बांधले जातात, मग खाज सुटते. गेल्या दोन-तीन वर्षांत या रुग्णांच्या बोलण्यात एक नवी वस्तू येऊ लागली आहे. तळहातात मावणारा, मऊ रबरासारख्या दातांचा सिलिकॉनचा ब्रश. डोक्याला शाम्पू लावायचा आणि त्याने गोल गोल चोळायचं. ‘डॉक्टर, हा वापरू का?’ असं बरेच जण विचारतात. मीही बहुतेकांना ‘हलक्या हाताने वापरा’ म्हणून मोकळी होते. त्या दिवशी मात्र तसं सांगून भागणार नव्हतं.

आलेल्या बाई प्राथमिक शाळेत शिक्षिका. सोबत इंजिनिअरिंगला असलेला मुलगा. बसल्या बसल्याच त्यांनी पर्समधून पिशवी काढली आणि पिशवीतून हिरवा ब्रश काढून टेबलावर ठेवला.

‘‘हा ह्याने आणला. ह्याचा कोंडा गेला. मी महिनाभर तोच वापरतेय, तर माझा दुप्पट झालाय. आता रक्तही येतं. एकच ब्रश, एकच शाम्पू. असं कसं?’’

प्रश्न बिनतोड होता. आधी बाईंचं डोकं बघायला घेतलं.

कंगव्याच्या टोकाने केसांचा भांग पाडत गेले, तर आत जाड, चंदेरी-पांढऱ्या खपल्यांचे ठिगळासारखे पट्टे होते. त्यांच्या कडा पेन्सिलीने आखल्यासारख्या स्पष्ट होत्या आणि खालची त्वचा लालभडक. कपाळावर तर हा पट्टा केसांची हद्द ओलांडून बोटभर खाली उतरला होता. साधा कोंडा असा हद्द सोडून येत नाही. कानांच्या मागेही तेच. मी म्हटलं, ‘‘मॅडम, बाही जरा वर घेता का?’’ कोपरांवर खवल्यांचे दोन गोल डाग होते. ‘‘ते होय, ते टेबलावर कोपर टेकवून वह्या तपासते ना, म्हणून,’’ असं त्या म्हणाल्या. नखं बघितली. दोन-तीन नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे होते. डर्मोस्कोप, म्हणजे त्वचेवर टेकवायचं प्रकाशाचं भिंग, एका पट्ट्याच्या कडेला लावलं तर एकसारख्या अंतरावर लाल ठिपके दिसले. कोंडा नव्हताच तो. सोरायसिस होता, आणि बहुधा बरीच वर्षं.

आता रक्ताचं. आपली त्वचा सतत खालून नवी तयार होत वर सरकते आणि वरचा थर नकळत गळून पडतो. या प्रवासाला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तोच प्रवास आठवड्याच्या आत उरकतो. पेशी पिकायच्या आतच वर येतात, एकमेकींना चिकटून राहतात आणि त्यांची खपली बनते. त्याच वेळी खालच्या बारीक रक्तवाहिन्या पार वरपर्यंत चढलेल्या असतात आणि त्यांच्यावर त्वचेचं पातळ आवरण तेवढं उरलेलं असतं. अशी खपली ओढून काढली की ते आवरणही निघतं आणि मोहरीएवढे रक्ताचे थेंब उभे राहतात. भिंगातून दिसणारे लाल ठिपके ते हेच. बाईंचा ब्रश रोज सकाळी नेमकं हेच करत होता. खपल्यांबरोबर त्यांत अडकलेले केसही उपटले जात होते, म्हणून ब्रशच्या दातांत केसांचा गुंता दिसत होता.

पण मला खरं थांबवलं ते वेगळ्याच गोष्टीने. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, जिथे पूर्वी कधी खाज नव्हती असं बाई ठामपणे सांगत होत्या, तिथे नवे, कोवळे, लाल पट्टे होते. तेही उभे, जवळजवळ समांतर. मी ब्रश त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘‘घरी कसा फिरवता, तसा फिरवून दाखवा.’’ त्यांनी कानाच्या वरून ब्रश टेकवला आणि जोर देत मानेपर्यंत खाली ओढला. पुन्हा वर, पुन्हा खाली. लाल पट्टे त्याच वाटेवर होते.

याला कोबनरची प्रतिक्रिया म्हणतात. हाइनरिख कोबनर हे एकोणिसाव्या शतकातले जर्मन त्वचारोगतज्ज्ञ. सोरायसिस असलेल्या माणसाच्या धडधाकट त्वचेला इजा झाली की तिथेही सोरायसिस उगवतो, हे त्यांनी नोंदवलं. ओरखडा, गोंदण, घोड्याचा चावा, इजा कसलीही चालते. नवा डाग सहसा दहा ते वीस दिवसांनी दिसतो, आणि मधल्या या अंतरामुळेच कारण ध्यानात येत नाही. बाईंनी ब्रश सुरू केला, पहिला आठवडा ‘खूप कोंडा निघाला’ म्हणून बरं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात नवे पट्टे आले तेव्हा त्यांनी कोंडा वाढला असं समजून जोर आणखी वाढवला. ब्रशचं साहित्य यात दोषी नव्हतं. सिलिकॉनची ॲलर्जी क्वचितच दिसते. दोष घासण्याचा.

‘‘मग ह्याचा कसा गेला?’’ बाईंनी मुलाकडे बोट दाखवलं.

मुलाचं डोकं सरळ होतं. दाट, कुरळे, मानेपर्यंतचे केस. भुवयांच्या मध्ये आणि नाकाच्या बाजूला थोडासा तेलकट पापुद्रा, डोक्यात तुरळक, सुटा कोंडा. कडा आखलेले पट्टे कुठेच नाहीत. हा नेहमीचा कोंडा. याचं मूळ मॅलॅसेझिया नावाच्या यीस्टमध्ये असतं. ती आपल्या सगळ्यांच्या त्वचेवर राहते आणि त्वचेच्या तेलावर जगते. तेल पचवताना ती जी आम्लं मागे ठेवते, ती काहींच्या त्वचेला झोंबतात आणि त्वचा घाईने पापुद्रे टाकू लागते. ब्रशने घासून ही यीस्ट हटत नाही. म्हणून ‘ब्रशने कोंडा गेला’ हे माझ्या पचनी पडेना.

‘‘शाम्पू कोणता?’’

बाटलीचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. औषधाच्या दुकानातून आणलेला, २ टक्के केटोकोनॅझोलचा. म्हणजे यीस्टवरचं औषध.

‘‘हा ब्रशच्या आधीपण वापरायचास?’’

‘‘हो, दोन महिने. काही उपयोग नव्हता.’’

‘‘तेव्हा लावून किती वेळ ठेवायचास?’’

‘‘ठेवायचो कुठे? लावला की धुतला.’’

‘‘आणि आता?’’

तो जरा हसला. ‘‘आता बाथरूममध्ये गाणं लावतो. गाणं संपेपर्यंत ब्रश.’’

गाणं म्हणजे चारेक मिनिटं. केटोकोनॅझोलचा शाम्पू त्वचेवर तीन ते पाच मिनिटं राहिला पाहिजे, असं बाटलीवरच छापलेलं असतं. ते कोणी वाचत नाही, आणि आमच्यापैकीही किती जण सांगतात देव जाणे. पोराच्या डोक्याला आराम दिला तो या चार मिनिटांनी. शिवाय त्याच्या दाट केसांतून नुसत्या तळहाताने चोळलेला फेस वरच्यावर राहत होता. ब्रशचे दात तो मुळाशी, कातडीपर्यंत नेत होते. एवढं श्रेय ब्रशला द्यायला हवं. ओला होऊन आधीच सुटलेला पापुद्रा तो चांगला उचलतो, शाम्पू पसरवतो. चिकटलेल्या खपलीशी मात्र त्याने झटापट करू नये.

मुलगा इंजिनिअरिंगचा, त्याला पुरावा हवा होता. मी म्हटलं, ‘‘मग करून बघ. पुढच्या भेटीपर्यंत डोक्याच्या उजव्या अर्ध्यावर ब्रश, डाव्या अर्ध्यावर बोटांची पेरं. नखं नाहीत. शाम्पू तोच, आठवड्यातून दोनदा, आणि दोन्हीकडे गाणं पूर्ण.’’ त्वचेच्या औषधांच्या चाचण्यांत अशी अर्ध्या अर्ध्या डोक्याची तुलना करतात. माणूस एकच असल्यामुळे बाकीचे फरक आपोआप गळतात.

मग ब्रश उलटा करून पाहिला. मुठीच्या पोकळीत पाणी साचून काळसर बुळबुळीत थर धरलेला. एका दाताचं टोक फाटून धारदार झालं होतं आणि साच्याच्या जोडाची बारीक कड बोटाला लागत होती. तो बाईंनी नाही तर मुलानेच कचऱ्याच्या डब्यात टाकला. नवा घ्यायचा तर दाताच्या टोकांवरून बोट फिरवून बघ, वापरून झाल्यावर दात खाली करून टांग, आणि तो तुझा एकट्याचा, असं त्याला सांगितलं. लहान मुलं असलेल्या घरात तर मी हे फार बजावते, कारण डोक्यावरचा गजकर्ण आणि उवा ब्रशवरून, फणीवरूनही फिरू शकतात. जोर किती द्यायचा हे समजायला ब्रश आधी हाताच्या आतल्या बाजूला फिरवायचा. दात जेमतेम वाकले पाहिजेत, आडवे पडता कामा नयेत. कातडीवर आलेली लाली काही मिनिटांत गेली नाही तर तो जोर डोक्यालाही जास्तच.

बाईंना मात्र ब्रश बंद, फणीने खपल्या खरवडणं बंद. रात्री पट्ट्यांवर सॅलिसिलिक ॲसिडचं मलम लावायचं. ते खपलीचा चिकटा सैल करतं. सकाळी धुवायचं, त्यानंतर स्टिरॉइडचं लोशन, तेही भांग पाडत थेंब थेंब कातडीवर, केसांवर नाही. किती आठवडे ते लिहून दिलं, कारण हे लोशन मनाने चालू ठेवलं तर त्वचा पातळ होते. खपली जाईपर्यंत औषध आत पोचतच नाही, म्हणून हा क्रम.

तेलावरून थोडा वाद झाला. शनिवारी रात्री खोबरेल तेल चोपडून दोघांचीही डोकी मऊ करायची, असा या घरचा रिवाज. बाईंना मी चालू ठेवा म्हटलं, खपल्या भिजतात. मुलाला बंद करायला सांगितलं, कारण मॅलॅसेझियाला स्वतःची चरबी तयार करता येत नाही आणि खोबरेलातली स्निग्ध आम्लं तिला चालतात. ‘‘म्हणजे माझं तेल ह्याला नको आणि ह्याचा ब्रश मला नको,’’ असं म्हणून बाई पहिल्यांदा हसल्या.

पुढच्या भेटीत बाईंच्या मूळ पट्ट्यांची जाडी निम्म्याहून कमी झाली होती. लाली होती, ती जायला वेळ लागतो. मानेवरचे उभे पट्टे फिके पडत चालले होते आणि त्या वाटेवर नवा एकही नव्हता. उपटलेल्या जागी बारीक केस परत दिसू लागले होते. सोरायसिस मुळापासून जात नाही, ताब्यात राहतो, हे त्यांना पुन्हा सांगितलं. ‘‘पूर्ण साफ झाल्यावर ब्रश चालेल?’’ त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. साफ दिसणाऱ्या त्वचेवरही कोबनर उगवतो. पेरं पुरेत.

मुलाचं डोकं मी कोणती बाजू कोणती हे न विचारता भिंगाखाली पाहिलं. मला सांगता आलं नाही. दोन्हीकडे सारखंच स्वच्छ. ‘‘धुतल्या धुतल्या उजवीकडे जास्त हलकं वाटतं,’’ तो म्हणाला, ‘‘दुसऱ्या दिवशी काही फरक नसतो.’’ त्याला ब्रश आवडतो, त्याने नवा घेतला आहे. मी हरकत घेतली नाही. शाम्पू आता आठवड्यातून एकदा, पुढे पंधरा दिवसांनी एकदा करायला सांगितला, गाणं तेवढंच लांब.